रिफंड गेला, रिफंड आला, गुरुजी होते तिथेच

बँकेचा एसएमएस कधी खोटं बोलत नाही. तो सोयीपुरतं खरं बोलतो. ‘तुमचा १८,६४० रुपयांचा रिफंड यशस्वीरीत्या प्रोसेस झाला आहे’ असा संदेश आमच्या शेजारच्या गुरुजींना आला, तेव्हा त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. रिफंड प्रोसेस झाला होता. यशस्वीरीत्याच झाला होता. फक्त गुरुजींच्या खात्यात आला नव्हता, आणि तसं बँकेने म्हटलंही नव्हतं.

गुरुजी निवृत्त शिक्षक. गृहकर्ज मुदतीआधी फेडून मोकळे झाले. पण हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप वळता करण्याची जी नाच नावाची सोय आहे, तिची यादी बँका हप्त्याच्या काही दिवस आधीच तयार करून पुढे पाठवतात. त्या यादीला कर्ज संपल्याची वार्ता लागली नाही. त्यामुळे कर्ज संपलं आणि पाठोपाठ हप्ताही गेला. असं पुष्कळांचं होतं. बँकेलाही त्याचं काही वाटत नाही, तिच्याकडे त्यासाठी छापील अर्ज तयार असतो. ‘जादा वसूल झालेली रक्कम खालील खात्यात जमा करावी’ आणि त्याखाली चौकटी.

त्या चौकटींत गुरुजींनी आपल्या बचत खात्याचा क्रमांक लिहिला. आकडे सगळे इंग्रजी. पण शेवटच्या चौकटीत ‘एक’ लिहिताना हात उभ्या जन्माच्या सवयीने मराठीकडे वळला. आता देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ शेजारी शेजारी लिहून बघा. जुळ्या भावंडांत याहून जास्त फरक असतो. काउंटरमागच्या इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाने तो नऊ वाचला, आणि त्याला दोष कसा द्यायचा? मागच्या दहा चौकटी इंग्रजी असताना अकरावी मराठी असेल असं कोण धरून चालेल? खात्याचे शेवटचे आकडे होते ४४७१, बँकेच्या संगणकात गेले ४४७९.

बँकेत अशा चुका पकडायला एक पद्धत असते, मेकर-चेकर. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचं. पद्धत उत्तम आहे. अडचण एवढीच, की दोघंही तोच कागद बघतात. पहिल्याला जो नऊ दिसला तो दुसऱ्यालाही नऊच दिसला. कागद आणि पडदा तंतोतंत जुळले. चूक होती, पण दोन सह्यांची होती, म्हणजे अधिकृत झाली.

इथे कोणी विचारेल, की संगणकाला कळलं नाही का? आधार क्रमांकात एक आकडा चुकवून बघा, यंत्र तिथल्या तिथे अडवतं. कारण आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून गणित करून काढलेला असतो, एक जरी हलला तरी गणित बिघडतं. बँक खात्यांचं तसं नाही. कोणाचा क्रमांक अकरा आकडी, कोणाचा चौदा, कोणाचा सोळा. प्रत्येकीचं गोत्र वेगळं, सगळ्यांना लागू पडेल असा तपासणीचा आकडा नाही. दुसऱ्या बँकेचा क्रमांक तुम्ही काहीही टाका, पाठवणाऱ्या बँकेचा पडदा मान डोलावतो.

मग नावाचं काय? अर्जावर गुरुजींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मोत्यासारख्या अक्षरात. ते नाव एनईएफटीबरोबर गेलंही. पण पैसे जमा करताना ते बघण्याची सक्ती कोणावर नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच सांगून ठेवलंय, की आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा केली तरी चालेल, आणि क्रमांक बरोबर देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. अर्जावरची नावाची चौकट ही घराच्या दारावरच्या ‘सुस्वागतम्’सारखी, वाचून कोणी आत येत नाही. २०२५च्या एप्रिलपासून एनईएफटी करणाऱ्याला पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडद्यावर दिसण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. चांगली सोय आहे. पण बँक स्वतः शेकडो रिफंड एका फायलीत भरून पाठवते, तेव्हा एकेक नाव डोळ्यांखालून कोण घालतं हे मला कोणी सांगितलेलं नाही.

आता पैशांचा प्रवास बघा, कारण पत्रात काय लिहायचं ते त्यावर ठरतं. शाखेचा आयएफएससी बरोबर होता, त्यामुळे रक्कम गुरुजींच्या बँकेपर्यंत बिनचूक पोचली. तिथे ४४७९ ने संपणारं खातं शोधलं गेलं. नव्हतं. एनईएफटीच्या नियमाप्रमाणे जी रक्कम जमा होऊ शकत नाही ती त्या बॅचच्या हिशेबानंतर दोन तासांत परत पाठवायची असते. उशीर केला तर रेपो दर अधिक दोन टक्के असं व्याज भरावं लागतं. त्यामुळे बँका तिथे आळस करत नाहीत. गुरुजींचे पैसे सकाळी निघाले, दुपारी परत आले. ‘असं खातं नाही’ एवढं कारण गळ्यात अडकवून.

परत आले म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेत आले. तिथे अशा अनाथ रकमांसाठी एक अंतर्गत खातं असतं, कोणी त्याला संड्री म्हणतं, कोणी सस्पेन्स. तिथे जाऊन १८,६४० रुपये स्वस्थ पडले. दोन बँकांच्या मधल्या रस्त्यावर तासांचा हिशेब आणि व्याजाचा दंड आहे. बँकेच्या आतल्या खणात मात्र घड्याळ नाही. कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत केली नाहीत, तर बँकेच्या चुकीने झालेल्या उशिरापोटी दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. गुरुजींना कागदपत्रं कशी वेळेवर मिळाली! शाखाधिकाऱ्यांनी स्वतः फोन केला. जादा हप्ता त्या नियमात बसत नाही, म्हणून त्याच्यासाठी फोनही आला नाही.

गुरुजी काउंटरवर गेले.

“सर, आमच्याकडून प्रोसेस झालंय. तुमच्या बँकेत विचारा.”

त्यांच्या बँकेत गेले.

“काका, आमच्याकडे असं काही आलेलं नाही. त्यांनाच विचारा.”

दोन्ही वाक्यं खरी आहेत. आणि अशी दोन खरी वाक्यं एकत्र आली, की मधला माणूस चपला झिजवतो. ती कोंडी फोडणारी गोष्ट एकच, यूटीआर क्रमांक. प्रत्येक एनईएफटीला एक असतो, सोळा अक्षर-आकड्यांचा. ‘रिफंड झालाय’ म्हणणाऱ्याला तेवढंच विचारायचं: यूटीआर द्या. तो दिल्याशिवाय ‘झालाय’ला काही किंमत नाही. आणि तो पडद्यावर काढायला गेला, की देणाऱ्यालाच शेजारच्या रकान्यात दिसतं, ‘परत’. गुरुजींच्या बाबतीत नेमकं तेच घडलं. काउंटरवरच्या मुलीने क्रमांक शोधला, पडद्याकडे बघितलं, जरा गप्प राहिली आणि म्हणाली, “सर, एक लेटर द्या ना.”

मराठी शिक्षकाला पत्र लिहायला सांगणं ही चूक मात्र बँकेचीच.

पहिलं पत्र मी वाचलं आहे. फुलस्केपच्या दोन्ही बाजू. कर्ज कोणत्या परिस्थितीत घेतलं, एकही हप्ता कसा चुकवला नाही, या बँकेशी कुटुंबाचं नातं किती जुनं, देवनागरी अंकांना घटनेच्या पलीकडे नैतिक अधिष्ठान कसं आहे, आणि शेवटून तिसऱ्या ओळीत, ‘तरी कृपया माझ्या खाते क्रमांकात योग्य ती दुरुस्ती करावी ही नम्र विनंती’. शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी. बँकेने पोच दिली आणि काही दिवसांनी संदेश आला: ‘तुमची विनंती पूर्ण करण्यात आली आहे.’

पुन्हा अक्षर न् अक्षर खरं. दुरुस्ती मागितली होती, दुरुस्ती झाली. ४४७९ चे ४४७१ झाले. विनंतीचा क्रमांक बंद, फाइल बंद, काम करणाऱ्याच्या खात्यात एक निकाली प्रकरण जमा. १८,६४० रुपये जागचे हलले नाहीत, कारण त्यांना हलवा असं कुणी म्हटलंच नव्हतं. तुम्हाआम्हाला वाटतं, क्रमांक सुधारला की पैसे आपसूक निघतील. बँकेत आपसूक फक्त हप्ता निघतो. क्रमांक सुधारणारा विभाग वेगळा, रक्कम पाठवणारा विभाग वेगळा, आणि दोघांची ओळख असेलच असं नाही.

म्हणून अशा पत्राचा जीव दोन क्रियापदांत असतो: दुरुस्त करा आणि पुन्हा पाठवा. त्यातही विषयाच्या ओळीत पाठवणं पुढे हवं. विषयात ‘खाते क्रमांकात दुरुस्ती’ लिहिलंत, की पत्र नाव-पत्ता-मोबाइल बदलण्याच्या ढिगाऱ्यात जातं. विषयात रक्कम आणि ‘परत आलेला रिफंड’ लिहिलंत, की ते पैसे हलवणाऱ्या माणसाकडे जाण्याची निदान शक्यता तरी असते. दुसरं पत्र आम्ही बसून केलं. गुरुजींना ते शुष्क वाटलं. ते असं होतं:

‘प्रति, शाखा व्यवस्थापक, गृहकर्ज विभाग.

विषय: बंद कर्ज खात्यातील परत आलेला रिफंड रु. १८,६४० योग्य खात्यात पुन्हा पाठवणे.

महोदय, वरील कर्ज पूर्ण फेडून बंद झाले आहे. त्यानंतर वसूल झालेला एक हप्ता आपण एनईएफटीने परत पाठवला. त्याची तारीख व यूटीआर क्रमांक खाली दिला आहे. ती रक्कम ‘असे खाते नाही’ या कारणाने त्याच दिवशी आपल्याकडे परत आली आहे.

त्या व्यवहारात नोंदला गेलेला क्रमांक ४४७९ ने संपतो. माझ्या खात्याचा क्रमांक ४४७१ ने संपतो (चार, चार, सात, एक). पूर्ण क्रमांक सोबतच्या रद्द धनादेशावर छापलेला आहे.

कृपया जुना क्रमांक आपल्या सर्व नोंदींतून काढावा, रक्कम योग्य खात्यात पुन्हा पाठवावी आणि नव्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लेखी कळवावा.’

खाली कर्ज खात्याचा क्रमांक, आयएफएससी, मोबाइल, सही. बस्स.

यातल्या काही जागा मुद्दाम राखलेल्या आहेत. ‘नोंदला गेलेला’ हा कर्मणी प्रयोग गुरुजींना शोभला, पण तो व्याकरणासाठी नाही. सभ्यपणाच्या भरात लोक लिहून जातात, ‘माझ्या चुकीमुळे झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व’. त्या एका ओळीवर पुढे व्याजाचं बोलणंच संपतं. क्रमांक कोणी चुकवला हे अर्ज बघून ठरेल. पत्रात क्रमांक काय नोंदला गेलाय एवढंच लिहावं.

छापील क्रमांकाचा धनादेश जोडला, कारण हाताने लिहिलेल्या आकड्याने एकदा घात केला होता. धनादेशावर दोन तिरप्या रेघा, मध्ये ठळक ‘रद्द’, आणि सही अजिबात नाही. ती पत्रावर करायची, आणि कर्जाच्या कागदांवर होती तशीच. धनादेशावर नाव छापलेलं नसेल तर पासबुकाचं पहिलं पानही जोडावं.

‘सर्व नोंदींतून’ हे तर फारच कामाचं. चुकीचा क्रमांक कुठल्यातरी रकान्यात तसाच राहिला, तर पुढची फाइल पुन्हा तिथूनच क्रमांक उचलते. पैसे पुन्हा त्याच बंद दारावर जातात, पुन्हा परत येतात, आणि तुम्हाला पुन्हा ‘यशस्वीरीत्या’ असा संदेश येतो.

आणखी एक घोटाळा मी इतरांच्या पत्रांत बघितला आहे. बँकेने ग्राहकाला निदान तीन क्रमांक दिलेले असतात: कर्ज खात्याचा, बचत खात्याचा आणि ग्राहक क्रमांक. पासबुकावर ग्राहक क्रमांक वर, ठळक, आणि खाते क्रमांक त्याच्याखाली. घाईत माणूस वरचा उतरवतो. चूक सुधारायच्या पत्रात असं झालं, की बँक एक चुकीचा क्रमांक काढून दुसरा चुकीचा बसवते, यावेळी तुमच्या सहीने.

हे सगळं फोनवर का होत नाही, असा त्रागा गुरुजींनी केला. इथे मात्र मी बँकेच्या बाजूने आहे. ‘रिफंड माझ्या दुसऱ्या खात्यात टाका’ असं फोनवर सांगून जर टाकता आला असता, तर ते आधी गुरुजींनी नाही, दुसऱ्याच कोणी सांगितलं असतं. सही केलेला कागद मागणारी बँक बरी. उलट ‘तुमचा रिफंड अडकला आहे, या लिंकवर खाते क्रमांक भरा’ असा प्रेमळ संदेश आला, तर तो बँकेचा नव्हे हे शंभर टक्के समजावं. रिफंडसाठी बँक इतकी तळमळत नाही.

गुरुजी तसे नशीबवान. ४४७९ ने संपणारं खातं अस्तित्वातच नव्हतं. असतं, तर पैसे तिथे मुकाट्याने जमा झाले असते, नाव कोणी पाहिलं नसतं, आणि ‘परत’ हा शब्द पडद्यावर उमटलाच नसता. मग प्रकरण वेगळं होतं. त्या अनोळखी खातेदाराच्या खात्यातून त्याच्या संमतीशिवाय बँक सहसा रक्कम काढत नाही, त्याचं नाव-गावही तुम्हाला सांगत नाही. चुकून मिळालेले पैसे परत करायला तो कायद्याने बांधलेला आहे, १८७२च्या करार कायद्याचं ७२ वं कलम तेच सांगतं. पण कलम आणि पैसे यांच्यामध्ये फार मोठं अंतर आहे. अशा वेळी ग्राहकाने त्या अनोळखी माणसाच्या मागे धावू नये. माझं मत सांगतो: अर्जावर क्रमांक बरोबर असेल तर ‘मला माझे पैसे मिळालेले नाहीत, तुम्ही ते कोणाला दिले हा तुमचा प्रश्न’ एवढंच लिहावं. त्यासाठी मूळ अर्जाची प्रत जवळ हवी. अर्ज देताना त्याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला तर पुढचं अर्धं भांडण वाचतं.

दुसरं पत्र दिलं तेव्हा गुरुजींनी प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. शिपाई नुसती सही करत होता, गुरुजींनी त्याला वर्गात उभं केल्यासारखं उभं केलं. आवक क्रमांकाला महत्त्व आहे, कारण लेखी तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नन्नाचा पाढा वाचला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. फोनवर माहिती हवी असेल तर १४४४८. ३० दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे हे तो शिक्का ठरवतो. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचं वय कोणी मोजत नाही.

लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. १८,६४० रुपये आले. नेमके १८,६४०, एक पैसा वर नाही. इतके दिवस ते बँकेने वापरले त्याचं काय, हे विचारणारं गुरुजींचं तिसरं पत्र तयार आहे. बँकेच्या संकेतस्थळावरचं नुकसानभरपाईचं धोरण त्यांनी छापून आणलंय आणि त्यातल्या मराठी भाषांतरातल्या चुकांना लाल शाईने गोल केले आहेत. त्या शाखाधिकाऱ्यांची मला आतापासून काळजी वाटते.

बँकांना आमची मागणी मोठी नाही. पैसे पाठवल्याचा एसएमएस तुम्ही पाठवता. ते परत आल्याची खबर तुमच्या यंत्राला त्याच दिवशी, कारणासकट मिळते. तीच ग्राहकाला त्याच दिवशी पुढे ढकला: ‘रिफंड परत आला, क्रमांक तपासा, या विभागाला लिहा.’ त्याला नवा कायदा लागत नाही, समिती लागत नाही. पहिला एसएमएस ज्या यंत्राने पाठवला, तेच दुसराही पाठवू शकतं.